भाजी-फळं धुताना पाण्यात काय टाकायचं, आणि धुऊन खरंच जाते तरी काय?

"सर, घरी दोन वर्षांचं लेकरू आहे आणि सासूबाईंची नुकतीच केमो झाली. भाजी नागपूरच्या कॉटन मार्केटमधून येते. कोणी म्हणते मिठाच्या पाण्यात ठेवा, कोणी व्हिनेगर, कोणी खायचा सोडा, कोणी लाल औषध, आणि परवा तर एकजण घरी येऊन भाजी धुवायच्या मशीनचा डेमो देऊन गेला. फवारणीचं औषध आणि जंतू खरंच कशाने निघतात? नुसतं नळाखाली धुतलं तर चालत नाही का?"

ताई, चालते. पण नळाखाली धुणं म्हणजे बहुतेक घरी चाळणीत भाजी टाकून वरून पाच-सात सेकंद पाणी सोडणं असते, तेवढ्याने फार काही निघत नाही. वाहतं पाणी, हाताने चोळणं आणि निदान अर्धा मिनिट वेळ, एवढं जमलं तर वर बसलेलं जे निघण्यासारखं आहे त्यातलं बरंचसं निघून जाते, पाण्यात काय टाकलं त्याने त्यात थोडीच भर पडते. सोडा काही बाबतीत खरंच कामाचा आहे, त्याचं पुढे सांगतो. आणि जे भाजीच्या आत शिरलेलं आहे ते धुऊन निघत नाही, पाण्यात काहीही टाका.

मी बरीच वर्षं अन्नतपासणीच्या लॅबमध्ये काम केलं, जंतूंच्या विभागातही आणि कीटकनाशकांच्या विभागातही, आणि लोकांचा गोंधळ मला नेहमी एकाच जागी दिसतो. माती, जंतू आणि फवारणीचं औषध ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्ही भाजीला वेगवेगळ्या पद्धतीने चिकटतात, पण आपण एकच उपाय शोधत बसतो जो तिन्हीवर चालला पाहिजे. असा उपाय नाही. म्हणून एकेक घेऊ.

आधी माती, कारण तिला लोक हलक्यात घेतात. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी घ्या, आपल्याकडे पावसाळ्यात जी येते ती. थेंबांच्या माऱ्याने माती उडून पानांच्या खालच्या बाजूला आणि देठांच्या बेचक्यात बसलेली असते, आणि मातीसोबत काय येते ते त्या शेताला कोणतं पाणी जाते यावर आहे. शहरांच्या आसपास सांडपाण्यावर पालेभाजी पिकते हे काही लपलेलं नाही, आपल्या नाग नदीत शहराचं किती सांडपाणी जाते हे आपण सगळेच पाहतो, आणि बाजारात जुडी हातात घेतली की ती कुठल्या पाण्यावर वाढली हे कोणालाच सांगता येत नाही. अशा पाण्यात माणसाच्या विष्ठेतून आलेली जंतांची अंडी असतात. तुम्ही ते ऐकलं असेल, पत्ताकोबीतला किडा मेंदूत जातो म्हणून, त्यातला खरा भाग एवढाच आहे. पत्ताकोबीत दिसणारी हिरवी अळी मेंदूत जात नाही, ती पोटात गेली तरी पचून जाते. मेंदूत गाठ करते ती टेपवर्मची अंडी, जी डोळ्याला दिसतच नाहीत, एका मिलिमीटरमध्ये पंचवीस-तीस ओळीने बसतील एवढी बारीक. म्हणूनच शुद्ध शाकाहारी घरातही हा आजार निघतो आणि लोकांना आश्चर्य वाटते.

आता ह्या अंड्यांचं कवच इतकं पक्कं असते की मीठ, व्हिनेगर, लिंबू, सोडा, लाल औषध, क्लोरीन, घरात वापरता येईल अशा प्रमाणात यातलं काहीही त्यांना मारत नाही. ती फक्त दोन प्रकारे जातात, एक तर चोळून-खळबळून पाण्यासोबत निघून जाणं, नाहीतर शिजणं. त्यामुळे पालेभाजीसाठी माझा सगळा जोर पद्धतीवर आहे, पाण्यात काय मिसळलं त्यावर नाही.

पद्धत अशी. जुडीचा दोरा किंवा रबर आधी सोडा, जुडी बांधलेलीच पाण्यात बुडवली तर मधली पानं कोरडीच राहतात. मुळं आणि त्याच्या वरचा बोटभर देठ कापून टाका, सगळ्यात जास्त माती तिथे असते. सडलेली, पिवळी, चुरगळलेली पानं काढा, कारण जिथे पान फाटलं तिथे जंतू आत शिरतात आणि तिथून ते धुऊन निघत नाहीत. मग मोठ्या गंजात भरपूर पाणी घ्या, भाजी तरंगली पाहिजे इतकं, हाताने अर्धा-एक मिनिट चांगली खळबळा आणि मिनिटभर तशीच सोडा म्हणजे माती खाली बसेल. आता मुख्य गोष्ट, भाजी हाताने वर उचलून दुसऱ्या गंजात घ्या. गंज चाळणीवर पालथा करायचा नाही! तसं केलं की तळाला बसलेली सगळी माती पुन्हा भाजीच्याच डोक्यावर येते, आणि बहुतेक घरी नेमकं हेच होऊन राहिलं आहे. पाणी फेका, गंजाचा तळ बोटाने पुसून पाहा, रेतीसारखं खरखरीत लागलं तर पुन्हा एकदा. तळ गुळगुळीत लागेपर्यंत पाणी बदलायचं, साधारण तीन पाण्यात होते, पावसाळ्यात मेथी-पालकाला चार-पाचही लागतात. शेवटी थोडी थोडी भाजी हातात घेऊन वाहत्या नळाखाली, पानांच्या खालच्या बाजूने बोटं फिरवत धुवा.

आणि पहिलं खळबळणं झालं की भाजी त्याच पाण्यात अर्धा तास भिजत ठेवू नका. एका घाण पानावरचे जंतू त्या पाण्यातून सगळ्या जुडीला लागतात. तसंच थेट सिंकमध्ये पाणी भरून धुणं नकोच, खरकटी भांडी जिथे पडतात ती जागा भाजीपेक्षा घाण असते.

आता जंतू. इथे आकडा समजून घेतला की बाकीचं आपोआप समजते. समजा पालकाच्या एका ग्रॅमवर एक लाख जंतू आहेत. चांगलं चोळून धुतलं की साधारण नव्वद टक्के जातात, म्हणजे दहा हजार राहिले. व्हिनेगरच्या किंवा क्लोरीनच्या पाण्यात ठेवलं तर त्यातले आणखी नव्वद टक्के, चांगलं जमलं तर थोडे जास्त, म्हणजे हजार-पाचशे राहतील. कमी झाले, पण संपले नाहीत, आणि संपणारही नाहीत, कारण पानावर बारीक छिद्रं असतात, घड्या असतात, जंतू चिकट थर करून बसतात, तिथे औषध पोचत नाही. याउलट भाजीला खदखदून उकळी आली की ते लाख काय अन् दहा लाख काय, आजार करणारे जवळजवळ सगळे मरतात, सोबत जंतांची अंडीही.

म्हणून तुमच्या सासूबाईंसाठी माझं उत्तर वेगळं आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा निरोगी माणसाला काहीच करणार नाहीत असे उरलेले थोडे जंतूही त्रास देतात, त्यामुळे त्यांच्या ताटात कच्ची पालेभाजी, कच्चा सांभार, पत्ताकोबीची कोशिंबीर, मोड आलेलं कच्चं कडधान्य सध्या नकोच, कितीही धुतलं तरी. डॉक्टर मोकळीक देतील तेव्हा बघा. सांभाराची चव पाहिजे असेल तर वरण उतरवायच्या दोन मिनिटं आधी टाका आणि उकळी येऊ द्या, वरून भुरभुरवू नका. फळं द्यायची तर साल काढता येतील अशी, संत्री, केळी, पपई, आणि सालही धुऊन, घरीच कापून, लगेच खायला. लेकराचं म्हणाल तर भाजी त्याला शिजवूनच देता, त्यामुळे तिकडे फार काळजी नाही, काकडी-गाजर द्यायचं तर धुऊन, सोलून, पुन्हा एकदा पाण्याखालून काढून द्या.

व्हिनेगर जंतूंवर थोडं चालते हे खरं आहे, पण त्यासाठी एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी इतकं घट्ट लागते, एका गंजाला अर्धी बाटली जाईल आणि पालकाला वास राहील ते वेगळं. पाण्यात दोन चमचे व्हिनेगर टाकून काहीच होत नाही. हॉटेलवाले, केटरर सॅलडची भाजी क्लोरीनच्या पाण्यात बुडवतात, एफएसएसएआय ह्या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही कोविडच्या वेळी ५० पीपीएम, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनच्या पाण्याचा सल्ला दिला होता. बाजारात जे ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट मिळते ते एका लिटरला साधारण सव्वा मिली टाकलं की ५० पीपीएम होते. पण आधी माती पूर्ण निघालेली पाहिजे, कारण माती आणि भाजीचा रस क्लोरीन खाऊन टाकतात आणि मग जंतूंसाठी काही उरतच नाही. दोन मिनिटं बुडवून नंतर पिण्याच्या पाण्याने धुवायचं. बाटलीवर पाणी किंवा भाजी-फळांसाठी वापरता येते असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, सुगंधी ब्लीच किंवा बाथरूमचं क्लीनर अजिबात नाही, आणि क्लोरीनमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू कधीच मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. रोजच्या घरच्या स्वयंपाकाला हे मी सुचवत नाही, जी भाजी शिजवायचीच आहे तिला तर मुळीच गरज नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, फवारणीचं औषध. इथे सगळं एका गोष्टीवर ठरते, औषध आहे कुठे? सालीवर नुसतं बसलं आहे, सालीच्या मेणात मुरलं आहे, की आत शिरलं आहे?

मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशकं झाडाच्या अंगावर पावडरसारखी बसून काम करतात, ती चोळून धुतली की बऱ्यापैकी निघतात. सायपरमेथ्रिन, क्लोरपायरिफॉस ही तेलकट स्वभावाची औषधं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, फळाच्या सालीवर जो नैसर्गिक मेणाचा थर असतो त्यात मुरून बसतात, ती पाण्याने थोडीच निघतात पण साल काढली की सालीसोबत बहुतांश जातात. तिसरा प्रकार इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, कार्बेन्डाझिम यांचा, ही आंतरप्रवाही औषधं, झाड ती पितं आणि रसातून सगळीकडे नेते, तेच त्यांचं काम आहे, मावा-तुडतुडे रस शोषायला आले की मरावेत म्हणून. ती वांग्याच्या, भेंडीच्या गरात असतात. धुऊन, चोळून, सोलून ती पूर्ण निघत नाहीत. यातली काही औषधं पाण्यात सहज विरघळतात म्हणून लोकांना वाटते की पाण्याने निघतील, पण विरघळणारं औषध आत जाऊन बसलं असेल तर बाहेरच्या पाण्याचा काय उपयोग.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने २००० मध्ये हे नीट तपासलं होतं. शेतातून आलेल्या खऱ्या भाजी-फळांवर १२ औषधांचे अंश मोजले, नुसत्या नळाच्या पाण्याने धुतले आणि पुन्हा मोजले. १२ पैकी ९ औषधं कमी झाली, ३ झाली नाहीत, त्या तिनात क्लोरपायरिफॉस होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे औषध पाण्यात किती विरघळते याचा आणि ते किती निघालं याचा मेळ बसला नाही. म्हणजे पाणी औषध विरघळवून नेत नाही, घासून, ढकलून नेते. भाजी धुवायचं खास लिक्विडही त्याच केंद्राने तपासलं होतं, ते साध्या पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही.

आता सोडा. २०१७ मध्ये अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला, तोच हल्ली मोबाईलवरच्या मेसेजमधून अर्धवट फिरून राहिला आहे. सफरचंदांना दोन औषधं लावली, एक थायाबेन्डाझोल आणि एक फॉस्मेट, एक दिवस मुरू दिली आणि मग खायच्या सोड्याच्या पाण्यात ठेवली. थायाबेन्डाझोल १२ मिनिटांत आणि फॉस्मेट १५ मिनिटांत सालीवरून पूर्ण निघालं, नुसत्या पाण्यापेक्षा आणि क्लोरीनच्या पाण्यापेक्षाही सोडा सरस ठरला. मेसेजमध्ये इथपर्यंतच येते. पुढचं असं की एका दिवसात थायाबेन्डाझोलचा सुमारे २० टक्के आणि फॉस्मेटचा ४ टक्क्यांच्या वर भाग सालीच्या आत मुरला होता, तो सोड्याने निघाला नाही. म्हणजे वरचं निघते, आतलं नाही, आणि जितके दिवस जास्त तितकं आत जास्त. शिवाय प्रयोग दोनच औषधांवर झाला, सोड्याचं पाणी किंचित अल्कलीधर्मी असल्याने त्यात काही औषधं तुटतात, सगळी तुटत नाहीत.

तरी गुळगुळीत सालीच्या फळांसाठी मी सोडा वापरतो, सफरचंद, पेरू, द्राक्षं, टमाटर, शिमला मिरची यांना. प्रमाण एका लिटरला १० ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. आपल्या घरी सवय चिमूटभर टाकायची, चिमटीने काही होत नाही. फळं पूर्ण बुडली पाहिजेत, १२ ते १५ मिनिटं ठेवायची, मधे एक-दोनदा हाताने फिरवायची आणि मग नळाखाली प्रत्येक फळ चोळून धुवायचं, नाहीतर सोड्याची चव राहते. सोडा म्हणजे खायचा सोडा, भज्यात टाकतो तो. बेकिंग पावडर नाही, आणि धुण्याचा सोडा तर अजिबात नाही, तो कडक असतो, हाताची आणि तोंडाची कातडी सोलून काढेल. पालेभाजीला पंधरा मिनिटं सोड्यात ठेवली तर ती लिबलिबीत होते, तिला नको. आणि सोडा जंतू मारत नाही, तो फक्त औषधाच्या बाजूचा उपाय आहे.

काही जण सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकतात, फसफस झाली की वाटते जोरदार काम चालू आहे. ते दोघं एकमेकांना संपवून टाकतात, सोड्याचा अल्कलीपणाही गेला आणि व्हिनेगरचा आंबटपणाही गेला, उरते ते जवळजवळ साधं पाणी. करायचंच असेल तर एक काहीतरी करा.

मीठ मी एकाच कामाला घेतो, फुलकोबीतल्या अळ्यांसाठी. तुरे वेगळे करून कोमट पाण्यात, लिटरला एक मोठा चमचा मीठ, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, अळ्या बाहेर येऊन तरंगतात. औषधावर मिठाचा फरक पडतो तो थोडासाच, जंतूंवर नाहीच. पत्ताकोबीची मात्र वरची दोन-तीन पानं सरळ काढून टाका, सगळी फवारणी त्यांच्यावरच पडलेली असते, ही एक कृती कुठल्याही द्रावणापेक्षा जास्त औषध घालवते. लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, घरी कोणीच मोजून टाकत नाही, कमी पडलं तर काही होत नाही आणि जास्त पडलं तर ते स्वतःच त्रासदायक, भाजीच्या रसाशी गाठ पडताच तपकिरी होऊन संपून जाते. मी ते भाजीला वापरत नाही, तुम्हीही सोडून द्या. भांड्यांचा साबण, डिटर्जंट तर नकोच, भाजी-फळांच्या सालीला बारीक छिद्रं असतात, त्यात तो मुरतो आणि तोच पोटात जातो.

मशीनवाल्याबद्दल. त्याने डेमोत तुम्हाला पाण्यावर आलेला पिवळट फेस दाखवला असेल आणि म्हणाला असेल की हे पहा तुमच्या भाजीतलं केमिकल. ताई, आपल्याकडे ज्या औषधाची त्या भाजीसाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सर्वसाधारण मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे. साखरेचा एक दाणा अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे किलोभर भाजीत त्या दाण्याच्या पन्नासाव्या हिश्श्याहून जास्त असं औषध सापडलं की आम्ही ती भाजी फेल करतो, आणि ते शोधायला लॅबमध्ये मोठं यंत्र लागते. ते काही फेस होऊन तरंगताना दिसणार नाही. पालकात, इतर भाज्यांतही फेस करणारी नैसर्गिक द्रव्यं असतात, हिरवा-पिवळा रंग तर भाजीचाच. खात्री करायची असेल तर त्याला पुन्हा बोलवा, आधी मशीन नुसत्या पाण्यात चालवायला लावा, काही मशीनमध्ये आतले इलेक्ट्रोडच झिजून पाणी गढूळ होते. मग कोणाच्या कुंडीतला, काहीच न फवारलेला पालक टाका. तरी फेस आला तर तो औषधाचा नव्हता हे तिथेच कळेल.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याची एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहीत आहे. मे महिन्यात दुपारी बाजारातून आणलेला टमाटर हाताला गरम लागते, आणि आपण तो सरळ माठाच्या नाहीतर फ्रीजच्या थंड पाण्यात टाकतो. गरम फळ एकदम थंड झालं की आतली हवा आकसते आणि देठाच्या जागेवरून बाहेरचं पाणी आत ओढलं जाते, त्या पाण्यात जंतू असतील तर तेही गरात जातात, मग वरून कितीही धुवा. टमाटर आणि आंबा यांच्यात हे जास्त होते. १९९९ मध्ये ब्राझीलच्या आंब्यांमुळे अमेरिकेत साल्मोनेला नावाच्या जंतूची साथ आली होती, तिथे फळमाशी मारायला आंबे गरम पाण्यात बुडवून मग थंड पाण्यात टाकायचे आणि ते थंड पाणी खराब होतं, तपासात संशय त्याच टप्प्यावर आला. म्हणून उन्हातून आणलेली फळं-भाजी आधी घरात सावलीत तासभर ठेवून निवू द्या, आणि धुवायचं पाणी फळापेक्षा थंड नको, किंचित कोमटच बरं. टाकीतून येणारं उन्हाळ्यातलं नळाचं पाणी याला अगदी ठीक आहे.

तसंच खरबूज. साल फेकायचीच आहे तर धुवायचं कशाला असं वाटते, पण त्या जाळीदार सालीत माती आणि जंतू घट्ट बसलेले असतात आणि सुरी वरून खाली जाताना ते गरात घेऊन जाते. २०११ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या एका शेतातल्या खरबुजांमुळे लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ पसरून ३३ माणसं मेली. तर खरबूज आणि टरबूज ब्रशने घासून, वाहत्या पाण्याखाली, पुसून कोरडं करून मग कापा, आणि कापलेलं आपल्या ४४-४५ डिग्रीच्या दिवसांत बाहेर तासाभराच्या वर ठेवू नका. सासूबाईंना बाहेरून कापून आणलेलं टरबूज तर नकोच.

संत्री सोलून खातो, म्हणून औषधाची काळजी गराला कमी, जवळजवळ सगळं सालीत राहते. पण सोलणाऱ्या हाताने फोडी उचलतो, म्हणून धुऊनच सोला. बाजारातल्या चकचकीत संत्र्यावर मेण लावलेलं असते, त्याखालचं पाण्याने निघत नाही. त्यामुळे बाजारातल्या संत्र्याच्या साली वाळवून उटणं-पावडर करणं किंवा सालीचा मुरंबा करणं मी टाळायला सांगतो, ज्याच्या बागेतली फवारणी तुम्हाला माहीत आहे अशा काटोल-वरुडकडच्या ओळखीच्या माणसाकडून आणलेली असतील तर गोष्ट वेगळी.

द्राक्षांवरची पांढरी साय पाहून बायका घाबरतात, ती बहुतेक वेळा फळाचं स्वतःचं मेण असते. ओळखायचं कसं, तर नैसर्गिक साय सगळ्या मण्यांवर सारखी पसरलेली असते आणि बोटाने पुसली की खाली स्वच्छ चकाकी दिसते. फवारणीचे डाग ठिपक्यांचे असतात, थेंब वाळल्यासारखे, कडा स्पष्ट, आणि ते जास्त करून मण्याच्या खालच्या टोकाला, जिथे थेंब लोंबून वाळला तिथे. असा घड असेल तर घडच्या घड धुऊन उपयोग नाही, मधल्या मण्यांना पाणी लागतच नाही. कात्रीने एकेक मणी थोड्या देठासकट कापा, देठ उपटू नका म्हणजे तिथून पाणी आत जाणार नाही, मग सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं आणि नंतर चाळणीत वाहत्या पाण्याखाली हाताने चोळत.

एक गोष्ट घरी धुऊन सुटत नाही ती पण सांगून ठेवतो. भेंडी, वांगी, मिरची, काकडी यांचा तोडा दर दोन-चार दिवसांनी असतो, आणि प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते लिहिलेलं असते. अळी पडली की शेतकरी फवारतो आणि भाव बरा असला की दोन दिवसांनी तोडतोही, तेवढ्या दिवसांत औषध उतरलेलं नसते. म्हणून अशा भाज्या आठवडाभर एकाच विक्रेत्याकडून, एकच भाजी सारखी आणण्यापेक्षा अदलून-बदलून आणा, आणि लेकरासाठी दोडकं, दुधी, लाल भोपळा यासारख्या सोलून शिजवायच्या भाज्या जास्त ठेवा, साल गेली की सालीवरचं आणि सालीत मुरलेलं दोन्ही गेलं.

भाजी लगेच वापरायची नसेल तर धुऊच नका. ओली भाजी फ्रीजमध्ये ठेवली की उरलेले जंतू आणि बुरशी त्या ओलीवर वाढतात, चार दिवस टिकणारा सांभार दोन दिवसांत काळा पडते. आणल्यावर फक्त दोरा सोडून, मुळं कापून, सडकी पानं काढून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा आणि लागेल तेवढाच काढून धुवा. आधीच धुतला असेल तर सुती कापडावर पसरवून पंख्याखाली पूर्ण कोरडा करा आणि मगच डब्यात भरा.